साठ गुणांची कोरी पाने

माझी भाची इंदूरला आमच्या शेजारच्याच गल्लीत राहते. लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेसाठी तिने राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध हा वैकल्पिक विषय घेतला आहे. मागच्या उन्हाळ्यात एका रविवारी तिने घरीच घड्याळ लावून पहिल्या पेपरचा पूर्ण सराव केला आणि उत्तरपत्रिका माझ्याकडे आणून दिली. मी स्वतः दोनदा मुख्य परीक्षा दिली आहे. दुसऱ्या वेळी याच विषयाच्या दुसऱ्या पेपरात 40 गुणांची उत्तरे न लिहिताच बाहेर आले होते, म्हणून मी उत्तरपत्रिका नेहमी शेवटच्या पानापासून बघते.

शेवटची पाने कोरीच होती. एकोणीस उत्तरांपैकी तिने पंधरा लिहिली होती. एक दहा गुणांचे उत्तर आणि 50 गुणांचा एक आख्खा प्रश्न सुटला होता. म्हणजे 250 पैकी 60 गुणांवर तिने पेनच टेकवला नव्हता.

“मावशी, मला येत होतं गं सगळं. हात चालला नाही,” ती म्हणाली.

मी पहिले उत्तर उघडले आणि शब्द मोजले. दीडशे शब्दांत लिहायच्या उत्तरात 238 शब्द होते. हात चांगलाच चालला होता, पण भलत्या ठिकाणी. त्या दिवशी आम्ही दोघींनी जे हिशेब मांडले आणि नंतर जे बदल केले, ते इथे सांगते. आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांत सध्या कुणी ना कुणी या परीक्षेची तयारी करते आहे.

आधी पेपरचा नकाशा

या विषयाचे दोन पेपर असतात, प्रत्येकी 250 गुणांचे आणि तीन तासांचे. दोन्ही एकाच दिवशी, एक सकाळी आणि एक दुपारी. प्रत्येक पेपरात दोन विभाग आणि एकूण आठ प्रश्न असतात, त्यांतले पाच लिहायचे. पहिला आणि पाचवा सक्तीचा. उरलेल्यांपैकी कोणतेही तीन, पण प्रत्येक विभागातून किमान एक यायलाच हवा.

सक्तीच्या दोन्ही प्रश्नांत दहा-दहा गुणांचे पाच उपप्रश्न असतात आणि त्यांना साधारण 150 शब्दांची मर्यादा छापलेली असते. बाकीच्या प्रश्नांत प्रत्येकी तीन उपप्रश्न, 20, 15 आणि 15 गुणांचे. म्हणजे दहा छोटी उत्तरे आणि नऊ मोठी, एकूण एकोणीस.

मोठ्या उत्तरांना बहुधा शब्दमर्यादा छापलेली नसते आणि तिथेच मुले वाहवत जातात. मी 15 गुणांना 200 आणि 20 गुणांना 250 ते 275 शब्द असा हिशेब धरते. हा आयोगाचा नियम नव्हे, घड्याळाने घालून दिलेली मर्यादा आहे. ती पाळली तर सगळ्या पेपरात मिळून साधारण साडेतीन हजार शब्द लिहावे लागतात.

आता वेळ. 180 मिनिटांतली आठ मिनिटे प्रश्नपत्रिका वाचायला आणि प्रश्न निवडायला, दोन मिनिटे अखेरीस. उरली 170. पाच प्रश्नांत वाटली तर प्रत्येकी 34 मिनिटे. दहा गुणांच्या उत्तराला पावणेसात मिनिटे येतात, पंधराला सव्वादहा आणि वीसला साडेतेरा.

भाचीच्या पेपरचा हिशेब आम्ही तिच्याच आठवणीवरून मांडला. वाचायला सहा मिनिटे, पहिल्या प्रश्नाला 54, दुसऱ्याला 48, तिसऱ्याला 43. पाचव्या प्रश्नाला हात घातला तेव्हा 29 मिनिटे उरली होती. त्यात चार उपप्रश्न कसेबसे झाले. पहिल्या प्रश्नावर जास्तीची 20 मिनिटे गेली, तिथेच पेपर हातातून सुटला होता. तिला ते कळले मात्र दोन तासांनी.

त्या जास्तीच्या 20 मिनिटांत तिने काय कमावले? पाच उत्तरे मी दोनदा तपासली, एकदा पूर्ण आणि एकदा 150 शब्दांनंतरचा मजकूर झाकून. झाकलेल्या मजकुरासाठी मी प्रत्येक उत्तराला फार तर अर्धा गुण जास्त दिला असता, म्हणजे पाच उत्तरांचे मिळून अडीच. त्याच 20 मिनिटांत 15 गुणांची दोन कोरी उत्तरे झाली असती आणि साधारण बरे उत्तर चार गुण तरी मिळवते. उत्तराचे बहुतेक गुण पहिल्या काही मिनिटांत मिळतात, नंतरच्या प्रत्येक मिनिटाला गुण कमीच येतात.

सात मिनिटांचे एक उत्तर

“पण दीडशे शब्दांत बसत नाही,” हे तिचे पुढचे म्हणणे. म्हणून आम्ही तिच्याच पेपरमधला एक प्रश्न घेतला: राजकीय लोकशाहीला सामाजिक लोकशाहीचा आधार हवा, या आंबेडकरांच्या मतावर भाष्य करा.

तिने लिहिलेले उत्तर बाबासाहेबांच्या जन्मापासून सुरू होत होते. मग महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषद, पुणे करार, संविधानाचा मसुदा. सगळे खरे, पण साठ शब्द झाले तरी सामाजिक लोकशाही म्हणजे काय, हे आलेच नव्हते. ते आले शेवटच्या परिच्छेदात आणि तिथे बाण मारून समासात दोन ओळी घुसवल्या होत्या. अशा बाणांकडे मी मुद्दाम बघते. मुख्य मुद्दा लिहिता लिहिता सुचला, आधी ठरला नव्हता, याचा तो पुरावा असतो.

प्रश्नात तीन गोष्टी दडलेल्या होत्या. सामाजिक लोकशाही म्हणजे काय? तिच्यावाचून राजकीय लोकशाही का टिकत नाही? आणि ‘भाष्य करा’ असे म्हटले असल्यामुळे, हे मत कितपत पटते? जीवनचरित्र कुणी विचारलेच नव्हते. मी तिला म्हटले, पहिले पाऊण ते एक मिनिट लिहू नकोस. समासात पेन्सिलीने या तीन प्रश्नांची उत्तरे चार-चार शब्दांत मांड आणि शेवटचे वाक्य काय असेल ते ठरव. शेवट ठरला की मधले काय लागते आणि काय नाही, ते आपोआप दिसते. मग उत्तर असे झाले:

*25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेतील अखेरच्या मोठ्या भाषणात आंबेडकरांनी राजकीय लोकशाहीचा पाया सामाजिक लोकशाही असल्याचे सांगितले. सामाजिक लोकशाही म्हणजे स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तीन मूल्ये रोजच्या व्यवहारात एकत्र पाळणारा समाज.*

*हा पाया आवश्यक का, याची त्यांच्या विचारात तीन कारणे दिसतात. पहिले, तिन्ही मूल्ये एकमेकांवर अवलंबून आहेत. समतेविना स्वातंत्र्य मूठभरांचे वर्चस्व बनते. दुसरे, मताचे मूल्य समान पण सामाजिक-आर्थिक स्थान विषम, ही विसंगती लांबली तर वंचितांचाच लोकशाहीवरील विश्वास उडतो. तिसरे, जातिव्यवस्था बंधुता तोडते. 1936 च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्यांनी जात ही श्रमाबरोबर श्रमिकांचीही विभागणी असल्याचे दाखवले होते. म्हणूनच 1947 च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी प्रमुख उद्योग व शेती राज्याच्या हाती देण्याची तरतूद संविधानातच सुचवली.*

*मात्र भारतातील अनुभव उलटी दिशाही दाखवतो. सार्वत्रिक मताधिकार आणि आरक्षण यांमुळे वंचित गट सत्तेत आले. म्हणजे राजकीय लोकशाहीही सामाजिक बदल घडवू शकते. तरीही जातीय अत्याचार व विवाहातील जातिबंधने बंधुतेची उणीव दाखवतात. त्यामुळे आंबेडकरांचे विधान राजकीय लोकशाहीला नाकारणारे नसून तिचे अपुरेपण दाखवणारे ठरते.*

हे साधारण 150 शब्द आहेत. पहिल्या दोन वाक्यांत संकल्पनेचा अर्थ आला. मधल्या भागात कारणे आणि ती कुठल्या लेखनात सापडतात ते आले. शेवटच्या भागात विरोधी मुद्दा आणि आपला निर्णय. प्रस्तावनेला पाचवा हिस्सा, मुख्य भागाला निम्मा आणि परीक्षणाला जवळजवळ तिसरा हिस्सा, असे हे प्रमाण आहे. परीक्षणाचा हिस्सा सहसा सगळ्यांत आधी कापला जातो, कारण तो शेवटी येतो आणि तेव्हा वेळ संपलेली असते. पण ‘भाष्य करा’ या दोन शब्दांचे उत्तर तिथेच असते. तो भाग नसेल तर उत्तर पुस्तकातल्या टिपणासारखे वाटते.

वीस गुणांचे उत्तर म्हणजे दुप्पट टिपण नव्हे

मोठ्या उत्तरांत तिची चूक वेगळी होती. दहा गुणांच्या उत्तरात तीन मुद्दे, तर वीस गुणांच्या उत्तरात सहा, असा तिचा समज होता. त्यामुळे सहा मुद्दे एकाखाली एक यायचे आणि एकमेकांशी बोलायचे नाहीत.

तिच्या पेपरातला 20 गुणांचा प्रश्न राज्यपालांवर होता: हे पद संघराज्याला पूरक आहे की मारक, याचे चिकित्सक परीक्षण करा. तिने अनुच्छेद 153 पासून सुरुवात करून पात्रता, नेमणूक, कार्यकाळ आणि सगळे अधिकार क्रमाने लिहिले होते. नागरिकशास्त्राच्या पेपरात ते चालले असते. इथे प्रश्न वादाचा आहे, म्हणून उत्तराची उभारणीही वादावरच हवी.

आम्ही साडेतेरा मिनिटांतली दोन मिनिटे आराखड्याला दिली. पहिला टप्पा, वाद कुठून येतो: राज्यपालांची नेमणूक राष्ट्रपती करतात आणि त्यांच्या मर्जीपर्यंतच ते पदावर राहतात, अनुच्छेद 155 आणि 156. संविधानाच्या मसुद्यात निवडून आलेल्या राज्यपालाचाही विचार होता, पण मुख्यमंत्र्याशी स्पर्धा नको म्हणून नेमणुकीची पद्धत आली. दुसरा टप्पा, पद पूरक कसे: राज्यपाल केंद्र आणि राज्य यांच्यातला घटनात्मक दुवा आहे आणि अनुच्छेद 163 प्रमाणे सहसा मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच चालतो. तिसरा टप्पा, मारक कुठे ठरते: त्रिशंकू विधानसभेत सरकारस्थापनेचे निमंत्रण, विधेयके अडवून ठेवणे आणि अनुच्छेद 356 खालचा अहवाल. चौथा टप्पा, दुरुस्ती काय झाली: 1994 च्या बोम्मई निकालाने बहुमताची कसोटी राजभवनात नव्हे तर सभागृहात घ्यायची, हे पक्के केले. 1983 साली नेमलेला सरकारिया आयोग आणि 2007 चा पुंछी आयोग यांनी नेमणुकीसाठी निकष सुचवले. आणि शेवटी निर्णय: दोष पदापेक्षा नेमणूक, बदली आणि विवेकाधिकार यांतल्या मोकळेपणात आहे.

यात अनुच्छेद सांगायचे म्हणून एकही सांगितलेला नाही. प्रत्येक अनुच्छेद वादातल्या एका टप्प्याला आधार देतो. मी भाचीला एक सोपी कसोटी दिली: एखादा मुद्दा खोडला आणि तरीही शेवटचा निर्णय तसाच उभा राहत असेल, तर तो मुद्दा वेळेअभावी सोडायला हरकत नाही. पात्रतेचा मुद्दा असाच गळून पडला.

शब्द किती, हे हाताला कळले पाहिजे

परीक्षेत शब्द मोजायला वेळ नसतो, म्हणून ते आधीच मोजून ठेवावे लागतात. भाची इंग्रजीतून लिहिते. तिच्या हस्ताक्षरात एका ओळीत दहा शब्द बसतात, म्हणजे पंधरा ओळी झाल्या की थांबायचे. उत्तरपत्रिकेत जागा शिल्लक दिसली, तरी ती संपेपर्यंत लिहायलाच हवे असे नाही. ते रिकामे पान तिला लिहायला खुणावायचे.

आपल्या मंडळातला एक मुलगा मराठीतून लिहितो. मराठी माध्यम निवडता येते, पण प्रश्नपत्रिका हिंदी आणि इंग्रजीतच येते. त्याचा हिशेब जरा वेगळा लागतो. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटतात. इंग्रजीत जिथे तीन-चार शब्द लागतात, तिथे मराठीत ‘राज्यसंस्थेच्या’ या एका शब्दात काम होते. त्यामुळे 150 मराठी शब्दांत मजकूर जास्त मावतो, पण शब्द लांब असल्यामुळे हाताला वेळही जास्त लागतो. त्याच्या एका ओळीत सातच शब्द बसतात. त्याला इंग्रजीतून लिहिणाऱ्या मित्राचे ‘पंधरा ओळी’ हे माप लावून चालणार नाही. त्याचे माप बावीस ओळींच्या आसपास येते आणि त्यासाठी मिनिटे किती लागतात ते त्याने स्वतः मोजायला हवे. पारिभाषिक शब्दाचा इंग्रजी पर्याय कंसात देण्याची मुभा आयोगाने दिलेली आहे. अपरिचित शब्दाला ती एकदा वापरावी, प्रत्येक ओळीत वापरली तर वेळ जातो.

वेग मोजायची रीत अगदी साधी आहे. पाठ असलेला मजकूर पाच मिनिटे लिहायचा आणि शब्द मोजायचे. भाचीचा वेग मिनिटाला 29 शब्द निघाला. 150 शब्दांना सव्वापाच मिनिटे पुरतात, म्हणजे विचाराला दीड मिनिट उरते. तिचा हात मंद नव्हता, हे तिला इथे पहिल्यांदा पटले. खरोखर मंद हात असेल, मिनिटाला वीसपेक्षा कमी, तर 150 चा हट्ट सोडून 120 शब्दांचे घट्ट उत्तर लिहावे आणि एकोणीसच्या एकोणीस उत्तरे पूर्ण करावीत.

घड्याळाच्या पाच खुणा

प्रत्येक उत्तरानंतर घड्याळ बघितले तर मन सैरभैर होते. आम्ही फक्त पाच वेळा ठरवल्या. पेपर नऊला सुरू झाला असे धरले, तर प्रत्येक प्रश्न संपायच्या वेळा 9:42, 10:16, 10:50, 11:24 आणि 11:58. त्या वेळेला चालू असलेले वाक्य पूर्ण करायचे आणि पुढच्या प्रश्नावर जायचे. उत्तर अपुरे राहिले तर राहू द्यायचे. शेवटी मिनिटे उरली तर तिथे परत यायचे.

क्रमही बदलला. सक्तीचे दोन्ही प्रश्न आम्ही आधी ठेवले, कारण तिथे निवड नाही आणि शब्दमर्यादा छापलेली आहे. त्यामुळे घड्याळाची शिस्त आपोआप लागते. मग तिन्ही मोठ्या प्रश्नांतला सगळ्यांत चांगला येणारा आधी आणि सगळ्यांत कच्चा शेवटी. कच्च्या प्रश्नात लिहिण्यासारखे मुळात कमी असते, त्यामुळे वेळ अपुरी पडली तरी नुकसान कमी होते.

प्रश्न निवडताना एक सापळा असतो. वीस गुणांचा उपप्रश्न आवडीचा दिसला की मुले तो प्रश्न पकडतात आणि उरलेल्या दोन पंधरांत काहीच येत नसते. तीस गुण त्या वीसपेक्षा मोठे आहेत. म्हणून आठ मिनिटांच्या वाचनात प्रत्येक उपप्रश्नापुढे पेन्सिलीने दोन, एक किंवा शून्य लिहायचे आणि तिन्हींचा मिळून विचार करायचा. अर्धा लिहून प्रश्न बदलायचाच झाला, तर आधीचा स्पष्ट खोडायला विसरू नये. न खोडलेला प्रश्न अर्धवट असला तरी मोजला जातो आणि जास्तीचे प्रश्न झाले तर क्रमाने आधी आलेलेच धरले जातात.

लगेच पूर्ण पेपर लिहायचा नाही, असे आम्ही ठरवले. पहिले दोन आठवडे तिने रोज दहा गुणांची दोनच उत्तरे लिहिली, पण पावणेसात मिनिटांना गजर लावून आणि गजर झाला की पेन खाली ठेवून. मग आठवडाभर 34 मिनिटांचे आख्खे प्रश्न. चौथ्या रविवारी पुन्हा तीन तास. प्रत्येक उत्तर दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच तपासले आणि समासात दोनच गोष्टी लिहिल्या: प्रश्नाचे थेट उत्तर कितव्या ओळीत आले आणि शेवटचे वाक्य निर्णय देते की नुसता समारोप करते. पहिल्या आठवड्यात थेट उत्तर आठव्या-नवव्या ओळीत यायचे. तिसऱ्या आठवड्यात ते दुसऱ्या ओळीत आले होते.

चौथ्या रविवारची उत्तरपत्रिका मी सवयीप्रमाणे मागूनच उघडली. शेवटचे उत्तर ग्रामशीच्या वर्चस्वावर होते, जेमतेम 110 शब्दांचे, अक्षर तिरके झालेले. मी त्याला साडेपाच गुण दिले, पंधरापैकी. एकोणीस उत्तरे झाली होती आणि पहिले उत्तर बरोबर पंधराव्या ओळीत थांबले होते, खाली अर्धे पान मोकळे सोडून.